वडिलांचं घर विकलं, आता कर किती? वारसाहक्काची मिळकत विकणाऱ्यांसाठी

साताऱ्यातल्या एका पेठेतलं आमचं घर वडिलांनी १९८४ साली विकत घेतलं होतं. २०१६ मध्ये ते गेले. मृत्युपत्र नव्हतं, त्यामुळे आई, ताई आणि मी असे तिघे समान हिश्शाचे वारस झालो. आई माझ्याकडे पुण्यात राहायला आली, घर बंद पडलं आणि दर पावसाळ्यात कौलं नाहीतर भिंत काहीतरी मागू लागली. शेवटी २० डिसेंबर २०२४ ला खरेदीखत झालं, १ कोटी २० लाखांना.

या व्यवहारात मला सगळ्यात जास्त धास्ती कराची होती. “चोवीस-पंचवीस लाख जातील” असं एकाने सांगितलं. “वडिलोपार्जित आहे ना, मग काहीच नाही” असं दुसऱ्याने. दोघंही चुकले. खरा आकडा कसा निघतो आणि त्यातला किती वाचवण्यात अर्थ आहे, हे मी आमच्याच आकड्यांवरून सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. आमची विक्री २०२४-२५ या आर्थिक वर्षातली, म्हणून खालची कलमं आणि फॉर्म १९६१ च्या आयकर कायद्यातले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला आणि कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदलले. त्यानंतर विकणाऱ्यांनी आपल्या सीएंकडून नवे क्रमांक घ्यावेत.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. वारसाहक्काने घर मिळालं, त्या दिवशी काहीही कर लागत नाही. कर लागतो तो विकताना, आणि तोही विक्रीच्या रकमेवर नाही, नफ्यावर. हा नफा मोजताना तुम्ही तुमच्या वडिलांच्या जागी उभे राहता. त्यांची खरेदी ती तुमची खरेदी, त्यांनी घर सांभाळलं तो काळ तुमच्या खात्यात. म्हणून वडील गेल्यानंतर सहा महिन्यांत विकलं, तरी घर एकूण २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ कुटुंबात असेल तर नफा दीर्घ मुदतीचाच धरतात.

लागणारे कागद

- वडिलांचं मूळ खरेदीखत. हरवलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल
- मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं लागलेली मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड)
- १ एप्रिल २००१ च्या किमतीचा नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल आणि त्या वर्षीच्या रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी मूल्यदर तक्त्याचा उतारा
- घरात केलेल्या मोठ्या कामाची बिलं
- दलालाची पॅनसह पावती
- सगळ्या वारसांचे पॅन, आधारशी जोडलेले
- नवीन खरेदीखत, त्याची सूची क्र. २ आणि बँकेचे उतारे

१. गिऱ्हाईक शोधण्याआधी नावं लावा

घर वडिलांच्याच नावावर राहिलं असेल तर आधी नगर भूमापन कार्यालयात वारस नोंद करून घ्या. हे काम कराचं नाही, पण कराचा सगळा हिशोब यावरच उभा राहतो, कारण कर प्रत्येक वारसाला त्याच्या हिश्श्यापुरता स्वतंत्र लागतो. तीन वारस म्हणजे तीन विवरणपत्रं आणि सवलतीही तीन वेळा. “सगळे पैसे माझ्या खात्यात घेतो, मग वाटू” हा घरगुती मार्ग इथे महागात पडतो. खरेदीखतात तिघांची नावं, प्रत्येकाचा हिस्सा आणि प्रत्येकाच्या खात्यात जाणारी रक्कम वेगवेगळी लिहून घ्या.

एक सापळा हक्कसोडपत्राचा. भावंडाने मोबदला न घेता हक्क सोडला तर त्याच्यावर कर येत नाही. पण “मी दहा लाख देतो, तू सही कर” असं ठरलं तर तो हिस्सा विकल्यासारखाच आहे, आणि पैसे घेणाऱ्याला भांडवली नफ्याचा हिशोब द्यावा लागतो. कागदावर ‘विनामोबदला’ लिहायचं आणि पैसे बँकेतून पाठवायचे, हा प्रकार मी दोन घरांत पाहिला आहे. पुढे प्रश्न आला की बँकेचा उताराच साक्ष देतो.

आणि आईचा पॅन तपासा. माझ्या आईने पॅन फक्त एकदा, बँकेत ठेव ठेवताना वापरला होता आणि तो आधारशी जोडलेलाच नव्हता. निष्क्रिय पॅन असलेल्या विक्रेत्याच्या पैशांतून खरेदीदाराला टीडीएस एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापावा लागतो. म्हणजे आईच्या ४० लाखांतून ४० हजारांऐवजी ८ लाख अडकले असते. आम्हाला हे इसाराच्या आदल्या आठवड्यात कळलं. जोडणीला हजार रुपये दंड भरला आणि पॅन पुन्हा सक्रिय होईपर्यंत इसार पुढे ढकलला.

२. २००१ ची किंमत ठरवा

घर १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेलं असेल तर तुम्हाला दोन पर्याय आहेत: वडिलांनी दिलेली मूळ किंमत धरायची, किंवा १ एप्रिल २००१ ची बाजारभावाने किंमत. १९८४ ची किंमत लाखाच्या आतली, त्यामुळे जवळजवळ प्रत्येकाला २००१ चाच पर्याय फायद्याचा ठरतो.

ही किंमत नोंदणीकृत व्हॅल्युअर काढून देतो. आमच्या व्हॅल्युअरने आधी १८ लाख ५० हजार काढली. मी खूश झालो, पण सीएंनी अहवाल परत पाठवला. कारण असं की त्या तारखेचं मुद्रांक शुल्कासाठीचं मूल्य उपलब्ध असेल तर जमीन आणि इमारतीसाठी त्याच्या वरची किंमत धरता येत नाही. हा नियम २०२० च्या अर्थसंकल्पात आला. त्याआधीचे अहवाल पाहून फुगवलेले आकडे देणारे व्हॅल्युअर अजूनही भेटतात.

म्हणून २००१ सालचा वार्षिक मूल्यदर तक्ता, म्हणजेच त्या वर्षीचं रेडी रेकनर, मिळवावा लागतो. आम्ही तो जिल्ह्याच्या मुद्रांक कार्यालयात अर्ज करून घेतला. त्यात तुमच्या पेठेचा, सिटी सर्व्हे नंबरच्या गटाचा जमिनीचा दर असतो. त्याने जमीन मोजायची. मग बांधकामाचा दर घेऊन घराच्या वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. आमची बेरीज १५ लाख आली. व्हॅल्युअरने अहवालात तीच दाखवली आणि रेकनरचा उतारा सोबत जोडला. तो उतारा जोडायला विसरू नका. आयकर अधिकारी विचारतो तेव्हा अहवालाचा आकडा कुठून आला हेच विचारतो.

घरात नंतर केलेल्या मोठ्या कामाचा खर्चही धरता येतो. वडिलांनी २००९ मध्ये वर दोन खोल्या काढल्या होत्या, ४ लाखांच्या. ठेकेदाराचं बिल आणि चेकचे आकडे त्यांच्या जुन्या डायरीत सापडले. रंग, कौलं शाकारणं, नळदुरुस्ती यांना यात जागा नाही. २००१ पूर्वीच्या कामांचा खर्चही धरत नाहीत, कारण तो २००१ च्या किमतीत आलेलाच असतो.

३. दोन पद्धतींनी हिशोब मांडा

२३ जुलै २०२४ पासून घर-जमिनीवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्याला १२.५ टक्के कर आहे, पण भाववाढीचा लाभ मिळत नाही. त्याआधी २० टक्के कर होता आणि भाववाढ निर्देशांकाने खरेदीची किंमत वाढवून मिळायची. यावर बरीच ओरड झाली, तेव्हा सरकारने २३ जुलै २०२४ पूर्वी मिळवलेल्या मिळकतींसाठी सोय केली: भारतात निवासी असलेल्या व्यक्तीने किंवा हिंदू अविभक्त कुटुंबाने दोन्ही पद्धतींनी कर काढावा आणि कमी येईल तो भरावा.

आमचा हिशोब असा. १ कोटी २० लाखांतून दलाली १ लाख २० हजार वजा, उरले १ कोटी १८ लाख ८० हजार.

पहिली पद्धत. यातून २००१ ची किंमत १५ लाख आणि २००९ चं काम ४ लाख थेट वजा करा. नफा ९९ लाख ८० हजार. त्यावर १२.५ टक्के म्हणजे १२ लाख ४७ हजार ५००.

दुसरी पद्धत. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२४-२५ चा ३६३. म्हणून १५ लाखांचे झाले ५४ लाख ४५ हजार. २००९-१० चा निर्देशांक १४८, म्हणून ४ लाखांना ३६३ ने गुणून १४८ ने भागलं की ९ लाख ८१ हजार येतात. दोन्ही वजा केल्यावर नफा ५४ लाख ५४ हजार, आणि २० टक्क्यांनी कर १० लाख ९१ हजार.

दुसरी पद्धत स्वस्त. प्रत्येकाच्या वाट्याला नफा १८ लाख १८ हजार आणि ४ टक्के उपकर धरून कर ३ लाख ७८ हजार. तिघांनी पहिल्याच पद्धतीने भरला असता तर प्रत्येकी ४ लाख ३२ हजार गेले असते.

प्रत्येक घराला दुसरीच पद्धत स्वस्त पडेल असं नाही. २००१ नंतर किंमत निर्देशांकाच्या मानाने खूप जास्त वाढली असेल, गावाबाहेरची जागा शहरात आली असेल, तर १२.५ टक्के बरे पडतात. म्हणून दोन्ही मांडायचे. दुसऱ्या पद्धतीने तोटा निघाला तर कर शून्य होतो, पण तो तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही.

इथे एक जुना वाद आहे. कायद्याचे शब्द वाचले तर निर्देशांक ‘वारसाला मिळालं त्या वर्षापासून’ धरावा असं वाटतं, म्हणजे आमच्या बाबतीत २०१६ पासून. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली असा निकाल दिला की आधीच्या मालकाच्या काळापासून धरायचा. आमच्या सीएंनी त्याच आधारावर २००१ पासून धरला. तुमच्या सल्लागाराने २०१६ पासून धरला असेल तर त्याला हा निकाल विचारा, फरक लाखांचा आहे.

४. इसार आणि साठेखताच्या वेळी जपायच्या गोष्टी

इसार रोख घेऊ नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. गिऱ्हाईक “थोडे वरचे रोख देतो” म्हणालं तर त्याच्या सोयीसाठी तुम्ही स्वतःचं नुकसान करता. ते पैसे कुठेही उघडपणे गुंतवता येत नाहीत, आणि खरेदीखतातली रक्कम रेकनरच्या खाली गेली तर दुसराच त्रास सुरू होतो.

तो त्रास असा. आजचं रेडी रेकनर मूल्य तुमच्या विक्री किमतीच्या ११० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कर खातं तुमची किंमत मानत नाही, रेकनरची मानतं. आमचं रेकनर मूल्य १ कोटी ८ लाख होतं, त्यामुळे प्रश्न आला नाही. पण तेच १ कोटी ३५ लाख असतं तर आम्हाला न मिळालेल्या १५ लाखांवरही कर पडला असता. जुन्या, कुळं असलेल्या किंवा रस्तारुंदीत गेलेल्या वाड्यांचं असं नेहमी होतं. रेकनरला घराचा हा दोष दिसत नाही. अशा वेळी विवरणपत्र भरताना रेकनर मूल्य मान्य नसल्याचं सांगून खात्याकडून मूल्यांकन मागवता येतं, पण त्यात वेळ जातो. साठेखताच्या तारखेचं रेकनर मूल्य धरावं असं वाटत असेल तर त्या दिवशी किंवा त्याआधी काही रक्कम चेकने किंवा बँकेतून आलेली हवी.

मिळकत ५० लाखांची किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापायचा. ही ५० लाखांची मर्यादा आता पूर्ण मिळकतीला बघतात. “प्रत्येकाचा हिस्सा ४० लाखच आहे, मग कापायचं नाही” असं खरेदीदार म्हणाला तर ऐकू नका. हा टीडीएस भरण्याचा फॉर्म २६ क्यूबी प्रत्येक विक्रेत्याचा वेगळा भरावा लागतो. आमच्या खरेदीदाराने इसाराच्या वेळचा टीडीएस तिघांचा मिळून एकट्या आईच्या पॅनवर भरला. दुरुस्तीला जवळपास दोन महिने गेले. तेव्हापासून मी एक सुचवतो: खरेदीखताच्या दिवशी नोंदणीच्या रांगेत उभं राहण्याआधी तिन्ही चलनं मागून बघा.

५. कर वाचवायचा की भरायचा?

बहुतेक लोक इथे उडी मारून म्हणतात, “फ्लॅट घेऊन टाका, कर वाचेल.” साडेतीन-पावणेचार लाख वाचवण्यासाठी साठ लाखांचा फ्लॅट घेणं हा व्यवहार फक्त त्यालाच परवडतो ज्याला फ्लॅट हवाच आहे. आम्ही तिघांनी तीन वेगळ्या वाटा घेतल्या.

*ताई: नवीन घर, कलम ५४.* निवासी घर विकून आलेला दीर्घ मुदतीचा नफा विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतलेल्या, अथवा तीन वर्षांत बांधलेल्या घरात घातला तर तेवढा नफा करमुक्त होतो. लक्षात घ्या, इथे नफा गुंतवायचा आहे, सगळी विक्रीची रक्कम नाही. ताईला पुण्यात फ्लॅट घ्यायचाच होता, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत. आम्ही महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख पाहिली. डिसेंबर २०२७ च्या आत ताबा मिळायला हवा होता, नाहीतर तीन वर्षं उलटली असती. बिल्डरच्या तोंडी तारखेवर कराची सवलत टांगून ठेवू नका.

फ्लॅट ताईच्या नावावर, पहिल्या क्रमांकावर घेतला. मेहुण्यांचं नाव नंतर. विक्रेता एक आणि नव्या घराचा मालक दुसराच असेल तर सवलत मिळते की नाही यावर न्यायालयात वेगवेगळे निकाल आहेत. त्या भांडणात पडायचं कारण नव्हतं. हे नवं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर वाचवलेला कर उलटून येतो.

बिल्डरचे हप्ते मात्र टप्प्याटप्प्याने. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जो नफा खर्च झालेला नाही तो सरकारमान्य बँकेत ‘कॅपिटल गेन्स अकाउंट’मध्ये ठेवावा लागतो. साध्या बचत खात्यात किंवा मुदत ठेवीत ठेवलेले पैसे चालत नाहीत, आणि ही चूक लोक सर्रास करतात. ताईने बचतीसारखं चालणारं ‘ए’ प्रकारचं खातं घेतलं, कारण हप्त्यांसाठी पैसे काढायचे होते. काढलेले पैसे ६० दिवसांत घरासाठी खर्च करावे लागतात. सगळ्या शाखा हे खातं उघडत नाहीत, आणि शेवटच्या आठवड्यात शाखेत गेलात तर “साहेब रजेवर आहेत” ऐकायची तयारी ठेवा. ताईला तिसऱ्या शाखेत यश आलं.

*आई: रोखे, कलम ५४ ईसी.* विक्रीपासून सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसीसारख्या ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे घेतले तर तेवढा नफा करमुक्त. मर्यादा ५० लाख. पैसे पाच वर्षं अडकतात, व्याज ५.२५ टक्के आणि ते करपात्र. रोखे गहाण ठेवून कर्ज काढलं तरी सवलत जाते.

५.२५ टक्के ऐकून मी नाक मुरडलं होतं. मग कागदावर मांडलं. आईला दुसरं उत्पन्न नाही, म्हणून तिच्या नफ्यातून त्या वर्षीची मूळ करमुक्त मर्यादा ३ लाख वजा करता येत होती. निवासी व्यक्तीलाच मिळणारी ही सोय फार जणांना माहीत नसते. तरीही काहीच न गुंतवता तिला सुमारे ३ लाख १५ हजार कर पडला असता. आम्ही तिच्या नावे १६ लाखांचे रोखे घेतले. उरलेला २ लाख १८ हजारांचा नफा आणि मार्चअखेरपर्यंतचं थोडं व्याज मिळून ३ लाखांच्या आत राहिलं, कर शून्य.

आता तुलना. रोख्यांत १६ लाख पाच वर्षं ठेवले तर दर वर्षी ८४ हजार व्याज, शेवटी हातात २० लाख २० हजार. त्याऐवजी कर भरून उरलेले १२ लाख ८५ हजार ८.२ टक्क्यांनी ठेवले असते तरी पाच वर्षांनी व्याजासकट १८ लाख १० हजारांच्या आसपास झाले असते. नाक मुरडलेले रोखेच दोन लाखांनी पुढे.

आईच्या हिश्श्यातली दलाली आणि टीडीएस जाऊन ३९ लाख २० हजार आले होते. १६ लाख रोख्यांत गेल्यावर २३ लाख २० हजार तिच्या नावे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. या योजनेची मर्यादा ३० लाख, तेव्हाचा दर ८.२ टक्के, म्हणजे दर तिमाहीला ४७ हजार ५६० तिच्या खात्यात येतात. त्यावर टीडीएस कापू नये म्हणून तेव्हा १५ एच फॉर्म भरला. तिचं वर्षाचं एकूण व्याज पावणेतीन लाखांच्या घरात, करमर्यादेच्या आतच.

एक बारीक मुद्दा. कमी येणारा कर दुसऱ्या, म्हणजे ‘जुन्या पद्धतीचा’ असेल तर शून्य करासाठी गुंतवायचा नफाही त्याच पद्धतीचा, म्हणजे १८ लाख १८ हजारांच्या हिशोबातला. पहिल्या पद्धतीतले ३३ लाख गुंतवायची गरज नाही. जुन्या तरतुदींनुसार जो कर येईल त्यापेक्षा जास्तीचा कर सोडून द्यायचा, असे कायद्याचे शब्द आहेत. आमच्या सीएंनी तिन्ही विवरणपत्रं याच हिशोबाने भरली.

*मी: कर भरला.* माझ्या डोक्यावर ८.६ टक्क्यांचं गृहकर्ज होतं. माझ्या ३० टक्क्यांच्या करटप्प्यात रोख्यांचा हिशोब केला, वाचलेला करही त्यात धरला, तर परतावा वर्षाला नऊ टक्क्यांच्या जरा आत येतो. कर्ज फेडलं तर ८.६ टक्के व्याज वाचतं. फरक नाममात्र, आणि माझ्या निवृत्तीला सहा वर्षं. मी ३ लाख ७८ हजार कर भरला आणि उरलेल्या पैशांतून कर्ज संपवलं. जुनं कर्ज फेडण्याला कराची सवलत नाही, पण दर महिन्याचा हप्ता थांबला. ज्याला कर्ज नाही आणि पाच वर्षं पैसे लागणार नाहीत, त्याने रोखे घ्यावेत असंच मी सांगेन.

तुमची मिळकत वेगळी असेल तर

मोकळा प्लॉट किंवा दुकान विकलं असेल तर कलम ५४ नाही, ५४ एफ लागतं. तिथे पूर्ण सूट हवी तर नफा नाही, विक्रीची सगळी निव्वळ रक्कम नव्या घरात घालावी लागते, आणि विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर आधीच एकापेक्षा जास्त घरं असली तर सवलत मिळत नाही. रोख्यांची सोय मात्र इथेही आहे.

वारसांपैकी कोणी परदेशात स्थायिक असेल तर त्याच्यासाठी २० टक्क्यांचा पर्याय नाही, थेट १२.५ टक्के. शिवाय त्याच्या हिश्श्यावर एक टक्का टीडीएस चालत नाही. खरेदीदाराला अनिवासी विक्रेत्याच्या जास्त दराने कापावा लागतो, आणि तो अनेकदा नफ्यावर नाही तर पूर्ण रकमेवर कापला जातो. हे टाळायचं तर साठेखताआधीच आयकर खात्याकडे कमी दराच्या कपातीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. खरेदीखताच्या आठवड्यात आठवण झाली तर उपयोग नाही.

६. तारखा सांभाळा आणि विवरणपत्र भरा

आमचं खरेदीखत २० डिसेंबरला झालं, म्हणजे डिसेंबरचा आगाऊ कराचा हप्ता होऊन गेला होता. माझा उरलेला कर, टीडीएसचे ४० हजार वजा जाता ३ लाख ३८ हजार, मी १५ मार्चच्या आत भरला. नफा झाल्यानंतरच्या हप्त्यांत कर भरला तर आधीच्या हप्त्यांचं व्याज लागत नाही. साठ वर्षांवरच्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला आगाऊ कर नसतो, म्हणून आईला ही धावपळ नव्हती. रोख्यांची सहा महिन्यांची मुदत खरेदीखताच्या तारखेपासून धरा. आमची जून २०२५ मध्ये संपत होती, पण आईचे रोखे आम्ही फेब्रुवारीतच घेऊन मोकळे झालो.

विवरणपत्र आयटीआर-२. त्यात भांडवली नफ्याच्या तक्त्यात खरेदीदाराचं नाव, पॅन, मिळकतीचा पत्ता आणि तुमच्या हिश्श्याची रक्कम भरायची असते. कागद जोडायचे नसतात, पण व्हॅल्युअरचा अहवाल आणि बिलं किमान सात-आठ वर्षं एका फाइलमध्ये ठेवा.

भरण्याआधी कापलेल्या कराचं विवरण म्हणजे २६ एएस, आणि वार्षिक माहिती विवरण, ज्याला एआयएस म्हणतात, ते प्रत्येकाचं उघडून बघा. निबंधक कार्यालय ३० लाखांपासूनचे व्यवहार खात्याला कळवतं आणि कधीकधी प्रत्येक सहविक्रेत्यासमोर पूर्ण रक्कम चढते. आईच्या एआयएसमध्ये ४० लाखांऐवजी १ कोटी २० लाख दिसत होते. आम्ही तिथेच त्या नोंदीवर माहितीचा काही भाग बरोबर नाही असा अभिप्राय दिला, तिचा एक तृतीयांश हिस्सा नोंदवला, आणि विवरणपत्रात ४० लाखच दाखवले. टीडीएसचे ४० हजार व्याजासह तिच्या खात्यात परत आले. ते तिने पासबुकात दोनदा मोजून बघितले.